चार मुद्द्यांचं चौकशीपत्र

जर्मन भाषेच्या बी-१ परीक्षेत वाचन, व्याकरण आणि श्रवण संपलं की शेवटच्या अर्ध्या तासात एक पत्र लिहायचं असतं. कधी ते मैत्रिणीला असतं, कधी घरमालकाला, तर कधी एखाद्या भाषासंस्थेला. मला या लेखात शेवटच्या प्रकाराबद्दल, म्हणजे वर्गाचं शुल्क आणि वेळा विचारणाऱ्या औपचारिक चौकशीपत्राबद्दल लिहायचं आहे. जर्मन शिकवताना मी पाहत आले आहे, की मुलांना हे पत्र सगळ्यांत सोपं वाटतं आणि गुण मात्र तिथेच अनपेक्षितपणे जातात.

युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या सहा पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली. ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या त्या सहांपैकी बी-१ ही तिसरी. दुकानात, दवाखान्यात, कचेरीत आपलं काम आपण निभावू शकतो, एवढी भाषा तिथे अपेक्षित असते. जर्मनीत कायमचं वास्तव्य किंवा नागरिकत्व हवं असेल, तर साधारणपणे याच पातळीचा पुरावा मागतात. पुण्या-मुंबईची मुलं बहुतेक वेळा मॅक्सम्युलर भवनात गोएथे संस्थेची परीक्षा देतात. तिच्यात औपचारिक पत्र तिसऱ्या प्रश्नात येतं, सुमारे चाळीस शब्दांचं आणि शंभरपैकी २० गुणांचं. जर्मनीत राहायला गेलेली आपली माणसं मात्र पुष्कळदा टेल्क या संस्थेची परीक्षा देतात. टेल्क जर्मनीतली. तिथल्या लोकशिक्षण केंद्रांच्या राष्ट्रीय संघाने चालवलेली. तिच्या परीक्षेत लेखनाला एकच पत्र, वेळ ३० मिनिटं आणि गुण ४५. गुण देण्याची तिची रीत इतकी स्पष्ट आहे, की चौकशीपत्र कुठे बसतं आणि कुठे कोसळतं हे तिच्यावरून नीट दाखवता येतं. म्हणून इथे टेल्कचीच परीक्षा धरू.

प्रश्नाचा एक नमुना मी बनवून देते. कागदावर जाहिरात आहे: ‘जर्मन शिका, बी-१ पर्यंत. छोटे गट, अनुभवी शिक्षक, सकाळी आणि संध्याकाळी वर्ग. अधिक माहितीसाठी लिहा.’ खाली सूचना आहे, की संस्थेला पत्र लिहा आणि त्यात पुढचे चार मुद्दे घ्या: शुल्क, तुम्हाला वर्ग का हवा आहे, परीक्षा, वर्गाच्या वेळा. मुद्द्यांचा योग्य क्रम तुम्हीच ठरवायचा. तारीख, संबोधन, सुरुवात आणि समारोप विसरायचा नाही.

मुद्दे मुद्दामच विस्कटून दिलेले असतात. जसे दिले तसेच उचलले, तर पत्राची सुरुवात ‘किती पैसे?’ या प्रश्नाने होते. संस्थेच्या कचेरीत बसलेल्या बाईंना पत्र कोणाचं आहे, त्या व्यक्तीला कोणता वर्ग लागणार आहे, यांपैकी काहीच ठाऊक नसताना त्या शुल्क तरी कोणत्या वर्गाचं सांगणार? म्हणून आधी आपली परिस्थिती, मग वेळा, मग शुल्क आणि शेवटी परीक्षा, असा क्रम आपोआप लागतो. वेळ ठरली की वर्ग ठरतो, वर्ग ठरला की शुल्क ठरतं, आणि वर्ग संपल्यावर परीक्षा येते. क्रम पाठ करावा लागत नाही. आपण खरोखर चौकशी करायला गेलो असतो तर कशी केली असती, एवढं डोळ्यांसमोर आणलं की पुरे.

आता पत्र लिहिणारी व्यक्ती ठरवू. पुण्याहून स्टुटगार्टला गेलेली, भारतात असताना ए-२ झालेली, आणि रोज पाच वाजेपर्यंत नोकरी करणारी एक स्त्री. तिचं पत्र मराठीत वाचलं तर असं दिसेल:

‘स्टुटगार्ट, १२ मे

बी-१ वर्गाविषयी चौकशी

आदरणीय महोदया, महोदय,

आपली जाहिरात मी वाचली. आपल्या बी-१ वर्गाविषयी मला अधिक माहिती हवी होती. मी दोन वर्षांपासून जर्मनीत राहते. ए-२ ची परीक्षा मी भारतातच उत्तीर्ण झाले, पण त्यानंतर कोणताही वर्ग केलेला नाही. आता मला कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करायचा आहे आणि त्यासाठी बी-१ चं प्रमाणपत्र लागतं.

मी रोज पाच वाजेपर्यंत काम करते, त्यामुळे सकाळच्या वर्गाला मला येता येणार नाही. संध्याकाळचा वर्ग किती वाजता सुरू होतो आणि आठवड्यातून किती दिवस असतो, हे आपण मला कळवू शकाल का?

वर्गाचं एकूण शुल्क किती आहे आणि पुस्तकाची किंमत त्यात धरलेली आहे का, हेही मला जाणून घ्यायचं होतं. शुल्क हप्त्यांनी भरता आलं, तर मला फार सोयीचं होईल.

शेवटी परीक्षेविषयी एक प्रश्न आहे. वर्ग संपल्यावर आपल्याच संस्थेत परीक्षा देता येते का, आणि तिचं शुल्क वेगळं द्यावं लागतं का?

आपल्या उत्तराबद्दल आधीच आभार मानते.

स्नेहपूर्वक अभिवादन’

आणि खाली सही. एवढंच पत्र. जर्मनमध्ये ते शंभर-सव्वाशे शब्दांत बसतं, आणि बी-१ च्या मुलांना मी साधारण तेवढ्याच लांबीचा सराव देते.

या पत्राला गुण कसे मिळतात ते पाहू, कारण खरी मेख तिथेच आहे. परीक्षक तीन गोष्टी तपासतात. पहिली, चार मुद्द्यांपैकी किती मुद्दे नीट हाताळले. दुसरी, मांडणी: क्रम, वाक्यांची एकमेकांशी सांधणी, आणि वाचणाऱ्याला शोभेल अशी भाषा. तिसरी, व्याकरण आणि शुद्धलेखन. प्रत्येक गोष्टीला ५, ३, १ किंवा ० असे गुण असतात. तिन्हींची बेरीज करून तिला तिनाने गुणतात, म्हणजे जास्तीत जास्त ४५.

पहिल्या निकषाचा हिशेब तर अगदीच साधा आहे. चारही मुद्दे आले तर ५ गुण, तीन आले तर ३, दोनच आले तर १. एकच मुद्दा आला किंवा एकही आला नाही, तर शून्य. आणि पहिल्या किंवा तिसऱ्या निकषात शून्य मिळालं, की सगळ्या पत्रालाच शून्य, मग उरलेलं कितीही चांगलं असो. वर दिलेल्या पत्रात परीक्षेचा परिच्छेद राहून गेला आणि मांडणी नि व्याकरण मध्यम असलं, तर ३, ३ आणि ३, म्हणजे ९, म्हणजे २७ गुण. हे बरोबर साठ टक्के होतात. वेळांचा परिच्छेदही राहिला, तर १, ३ आणि ३, म्हणजे २१. लेखी भागाचे एकूण गुण २२५ आणि उत्तीर्ण व्हायला त्यांतले १३५ लागतात. पत्राला शून्य मिळालं, तर हे १३५ गुण उरलेल्या १८० मधून आणावे लागतात, म्हणजे साठ टक्क्यांची परीक्षा पंचाहत्तर टक्क्यांची होऊन बसते.

एकच मुद्दा हाताळेल असं कोण लिहिणार, असं कोणाला वाटेल. पाठ केलेलं पत्र लिहिणारा लिहितो. शिकवणी वर्गांत चौकशीपत्राचा एक साचा फिरत असतो. सुरुवातीला जाहिरातीचं कौतुक, मग ‘मला काही प्रश्न आहेत’, मग ‘वर्ग केव्हा सुरू होतो, किती चालतो, किती खर्च येतो’, आणि शेवटी ‘लवकर उत्तराची वाट पाहतो’. प्रश्नात वेळा आणि शुल्क असेल, तर हा साचा निम्म्यापर्यंत पोचतो. पण बाकीचे दोन मुद्दे ‘राहण्याची सोय’ आणि ‘तुमचं आतापर्यंतचं शिक्षण’ असे निघाले, तर साच्यात त्यांना जागाच नसते. मुलगा घाईघाईत एखादं वाक्य घुसवतो, किंवा तेही राहून जातं. सुबक अक्षरात पानभर लिहिलेलं ते पत्र मग दोनाच मुद्द्यांचं ठरतं. साच्याने पत्र लिहिणाऱ्या मुलांचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांनी मेहनत कमी केलेली नसते. ती चुकीच्या जागी केलेली असते.

मुद्दा हाताळला म्हणजे काय? ‘शुल्क किती आहे?’ असं तीन शब्दांत विचारलं तरी मुद्दा आला, असं म्हणता येतं. पण तेवढ्यावर मांडणी पातळ राहते. मुलांना मी सांगते, की प्रत्येक मुद्द्याला आपल्या बाजूचं एक वाक्य आणि संस्थेच्या बाजूचं एक वाक्य द्या. ‘मी पाच वाजेपर्यंत काम करते’ हे आपल्या बाजूचं, ‘संध्याकाळचा वर्ग केव्हा असतो’ हे त्यांच्या बाजूचं. ही दोन वाक्यं ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘कारण’ अशा शब्दांनी जोडली गेली, की सांधणीचे गुण तिथेच मिळतात. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

शुल्काचा आणि वेळेचा प्रश्न नेमका विचारायचा, तर जर्मन संस्थांचा कारभार थोडा माहीत असावा लागतो. तिथे शिकवण्याचं माप तासांत नसतं, तासिकांत असतं, आणि एक तासिका ४५ मिनिटांची असते. समजा, एका पातळीला १६० तासिका आहेत. सकाळचा सघन वर्ग रोज चार तासिकांचा, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे आठवड्याला वीस. तो आठ आठवड्यांत संपतो. संध्याकाळचा वर्ग आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी तीन तासिका, म्हणजे आठवड्याला सहा. तेवढ्याच १६० तासिकांना सत्तावीस आठवडे लागतात, जवळजवळ सहा महिने. म्हणून वेळ विचारताना फक्त ‘किती वाजता’ विचारून भागत नाही. ‘आठवड्यातून किती दिवस’ आणि ‘एकूण किती आठवडे’ हेही विचारावं लागतं. शुल्काचंही तसंच आहे. वर्गाचं शुल्क वेगळं, पुस्तक बहुधा वेगळं आणि परीक्षेचं शुल्क बहुतेक ठिकाणी वेगळं. कोणत्या पातळीत बसवायचं हे ठरवणारी चाचणीही काही संस्था आधी घेतात. हे माहीत असलं, की ‘पुस्तकाची किंमत त्यात धरलेली आहे का’ हा प्रश्न सहज सुचतो, आणि मुद्द्याला भरीव वाक्य मिळतं.

आता भाषेकडे येऊ. औपचारिक पत्रात जर्मन माणूस प्रश्न सरळ अंगावर टाकत नाही. ‘वर्ग केव्हा सुरू होतो?’ याऐवजी तो ‘वर्ग केव्हा सुरू होतो, हे कळवू शकाल का’ अशा वळणाने विचारतो. नेहमीची वाक्यं दोन: ‘क्योन्टेन झी मीर बिट्टे मिटटाइलेन’, म्हणजे ‘आपण कृपया मला कळवू शकाल का’, आणि ‘इश व्युर्डे गेर्न विसेन’, म्हणजे ‘मला जाणून घ्यायला आवडेल’. दोन्हींतली क्रियापदं सौम्य रूपातली आहेत. मराठीत आपण ‘मला माहिती पाहिजे’ असं न म्हणता ‘मला जरा माहिती हवी होती’ म्हणतो, म्हणजे गरज आत्ताची असून भूतकाळ वापरतो. जर्मनचं हे सौम्य रूपही भूतकाळाच्याच रूपापासून बनलेलं आहे. त्यामुळे मराठी मुलांच्या कानांना ते फार लवकर पटतं.

याहून मोठी सोय पुढे आहे. अशा वळणाच्या प्रश्नात जर्मन क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं: ‘वान डेर कुर्स बेगिन्ट’, म्हणजे ‘केव्हा वर्ग सुरू-होतो’. ही अगदी मराठीची ठेवण. तरीही परीक्षेत मुलं ‘वान बेगिन्ट डेर कुर्स’ लिहून येतात, कारण सरळ प्रश्न त्यांनी आधी शिकलेला असतो आणि इंग्रजीची सवय त्याला दुजोरा देते. माझं सांगणं असं, की या एका जागी इंग्रजी बाजूला ठेवावी आणि वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावं. क्रियापद आपोआप शेवटी येतं. एकच काळजी घ्यायची. सरळ वाक्यात दोन तुकड्यांत मोडणारं क्रियापद शेवटी गेलं, की पुन्हा जुळतं: ‘वर्ग भरतो’ यासाठीचं ‘फिन्डेट श्टाट’ इथे ‘श्टाटफिन्डेट’ होतं.

हो-नाही उत्तराच्या प्रश्नात ‘का’साठी ‘ओप’ वापरायचं असतं, आणि मुलं तिथे ‘वेन’ लिहितात. ही चूक पुन्हा इंग्रजीतूनच येते, कारण तिथे ‘जर’ आणि ‘की... का’ या दोन्हींसाठी एकच शब्द चालतो. जर्मनमध्ये ‘वेन’ म्हणजे ‘जर’ किंवा ‘जेव्हा’. ‘हप्त्यांनी भरता येईल का, ते कळवा’ असं लिहायचं असतं, आणि वाचणाऱ्याला ‘हप्त्यांनी भरता आलं, तर कळवा’ असं वाचायला मिळतं. अर्थ लागतो, पण व्याकरणाचा गुण जातो.

वेळ लिहिताना आणखी एक अडचण येते. साडेसहाला जर्मन माणूस ‘हाल्प झीबेन’ म्हणतो, म्हणजे सातव्या तासातला अर्धा तास. आपली मुलं ‘झीबेन’ ऐकून साडेसात समजतात, किंवा साडेसहासाठी ‘हाल्प झेक्स’ लिहून बसतात, आणि ते साडेपाच होतं. पत्रात हा प्रकार टाळावा आणि आकड्यांत १८.३० लिहावं. औपचारिक लेखनात तेच अपेक्षितही असतं.

लिपीतली एक गोष्ट मराठी मुलांना मुद्दाम शिकावी लागते, कारण देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. ‘आपण’, ‘आपल्याला’, ‘आपला’ हे शब्द जर्मनमध्ये मोठ्या अक्षराने सुरू होतात. लहान अक्षर पडलं, तर अर्थच बदलतो. ‘ईर कुर्स’ मोठ्या अक्षराने लिहिलं तर ‘आपला वर्ग’, लहान अक्षराने लिहिलं तर ‘तिचा वर्ग’ किंवा ‘त्यांचा वर्ग’. उच्चारात काहीच फरक नाही, त्यामुळे वर्गात बोलताना ही चूक कधी कळतच नाही. ती थेट कागदावर उतरते.

संबोधन आणि समारोप एकदा ठरले की ठरले. नाव माहीत नसेल तर ‘झेअर गेएर्टे दामेन उन्ट हेरेन’, म्हणजे ‘आदरणीय महोदया आणि महोदय’. त्यापुढे स्वल्पविराम, आणि पुढच्या ओळीतला पहिला शब्द लहान अक्षराने, तो नाम किंवा मोठ्या अक्षराचं सर्वनाम नसेल तर. शेवटी ‘मिट फ्रॉइन्टलिशेन ग्र्यूसेन’, आणि त्यापुढे कोणतंही चिन्ह नाही. विषयाच्या ओळीत ‘विषय’ हा शब्द लिहायचा नसतो, थेट विषयच लिहायचा. आपल्याकडच्या ‘आपला विश्वासू’, ‘कळावे’, ‘तसदीबद्दल क्षमस्व’ यांची जर्मन रूपं शोधत बसू नये. तिथल्या कचेरीतल्या पत्रात त्यांना जागा नाही. मुलं पुष्कळदा पहिलंच वाक्य ‘माझं नाव अमुक आहे’ असं लिहितात. नाव खाली सहीत असतंच, तेव्हा ते वाक्य वाया जातं. तेवढ्या जागेत ‘आपली जाहिरात मी वाचली’ लिहिलं, तर पत्र कशाला उत्तर आहे हे पहिल्याच ओळीत कळतं.

तीस मिनिटांची वाटणी मी अशी सुचवते. पहिली पाच मिनिटं फक्त वाचायला आणि चार मुद्द्यांना क्रमांक घालायला. प्रत्येक मुद्द्यापुढे प्रश्नपत्रिकेवरच दोन शब्द टिपायचे, एक आपल्या बाजूचा, एक त्यांच्या बाजूचा: ‘काम पाचपर्यंत – संध्याकाळ?’, ‘हप्ते – पुस्तक?’. पुढची अठरा-वीस मिनिटं लिहायला, आणि उरलेली तपासायला. तपासताना सगळं पत्र वरून खाली वाचून काही हाती लागत नाही, कारण स्वतःचं लिहिलेलं डोळे बरोबरच वाचतात. आधी चार मुद्दे बोट ठेवून मोजावेत. मग फक्त स्वल्पविराम पाहावेत आणि प्रत्येकानंतरच्या उपवाक्याचं क्रियापद शेवटी आहे का ते बघावं. मग फक्त ‘आपण’ची अक्षरं. आणि मग प्रश्नचिन्हं: ‘कळवू शकाल का’ने सुरू झालेलं वाक्य प्रश्नचिन्हाने संपतं, ‘मला जाणून घ्यायला आवडेल’ने सुरू झालेलं पूर्णविरामाने, आत कितीही प्रश्न असले तरी.